दंड ओळीच्या सुरुवातीला का जातो? (आणि ‘अंगण’त की ‘अंगणा’त?)

निळी_शाई
आमच्या सोसायटीची स्मरणिका निघते आहे, नाव ‘अंगण’. संपादनाचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची ओव्यांची वही आहे, त्यातल्या तीसेक ओव्या मी वर्डमध्ये टाइप करून दिल्या. डीटीपीवाल्याकडून दोन रकान्यांत लावून प्रूफ आलं आणि डोक्याला हात लावला. नमुना बघा:

पहाटेच्या पारी | दळण मांडिते
| जात्याला सांगते | सुखदु:ख ||
४ ||

वहीत आजींनी असं लिहिलंय:

पहाटेच्या पारी । दळण मांडिते ।
जात्याला सांगते । सुखदुःख ॥ ४ ॥

दंड ओळीच्या सुरुवातीला गेलाय, चार आकडा एकटाच खाली पडलाय. डीटीपीवाला म्हणतो, “मॅडम, तुम्ही दिलं तसं लावलंय.” दुरुस्त करायला बसले तर एका ठिकाणी एंटर मारला की दुसरीकडे बिघडतं. माझं काय चुकलं?

दुसरा प्रश्न. गद्य लेखांत वाक्य संपल्यावर टिंब द्यायचं की दंड? एका काकांनी अख्खा लेख दंड देऊन पाठवलाय.

तिसरा. स्मरणिकेच्या नावाला प्रत्यय लावताना ‘अंगण’त, ‘अंगणा’त, की ‘अंगणात’? संपादक मंडळात तीन माणसं आणि तीन मतं आहेत.

---

इंदूरी_पोहे
पहिल्याचं ठाऊक नाही, दुसऱ्याचं सांगतो. दंडच द्यावा. दंड आपला आहे, टिंब इंग्रजांचं. मोडीतसुद्धा दंडच होता, इंग्रज आले आणि आपण टिंब घेतलं. हिंदीवाल्यांनी आपलं जपलं, आपण सोडून दिलं. माझं शिक्षण इंदूरला झालं, मी अजूनही मराठी पत्रात दंडच देतो।

---

मोडीवाचक
इंदूरी_पोहे, अर्धं बरोबर आहे. टिंब इंग्रजीतून आलं हे खरं. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही सगळी पलटण त्याच वाटेने आली. मेजर टॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामातले तेच कँडी.

पण मोडीत दंड होता हे जरा सांभाळून म्हणा. मी गेली काही वर्षं मोडी कागद वाचतोय. पत्रव्यवहारात वाक्याला दंड सर्रास दिसत नाही. आधी कागदावर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. वाक्य तर सोडाच, शब्द कुठे संपला हेही वाचणाऱ्याने अर्थावरून ताडायचं. दंड भेटतो तो बाळबोधात लिहिलेल्या पोथ्यांत, आणि तिथे तो श्लोकाचा किंवा ओवीचा भाग संपल्याची खूण असतो. म्हणजे मराठी गद्यातला दंड टिंबाने हाकलला असं नाही. बहुतेक ठिकाणी तिथे काहीच नव्हतं, त्या रिकाम्या जागी टिंब येऊन बसलं.

थोडं विषयांतर: वाक्याला खूण नसली तरी पत्राच्या शेवटाला मात्र होती. ‘लेखनसीमा’ असं लिहायचे, किंवा ‘मर्यादेयं विराजते’ या मोर्तबाचा शिक्का मारायचे. त्यापुढे कुणी चार ओळी घुसडू नयेत म्हणून ही सोय.

---

शंकेखोर
म्हणूनच ‘ध’चा ‘मा’ झाला ना! विरामचिन्हं असती तर नारायणराव वाचले असते.

---

मोडीवाचक
दादा, ते अक्षर बदलल्याची आख्यायिका आहे. ‘धरावे’चं ‘मारावे’ होण्याला स्वल्पविराम काय आडवा येणार?

---

जुना_जुळारी
निळी_शाई ताई, तुमचा मुख्य प्रश्न राहूनच गेला, तो घेतो. मी पंधरा वर्षं खिळे जुळवले आणि पुढची वीस डीटीपी केलं.

आधी हे बघा की तुम्ही टाइप केलेला दंड हा दंड नाहीच. प्रूफमध्ये ती उभी रेघ अक्षराच्या पायाखाली उतरलेली आणि शिरोरेषेच्या वर डोकावलेली दिसते का? दिसत असेल तर ती इंग्रजी कळफलकावर Backslash बरोबर असते ती रेघ आहे, `|`. देवनागरीचा दंड शिरोरेषेच्या उंचीला सुरू होतो आणि अक्षराच्या तळाशी थांबतो. लग्नपत्रिकांवर `|| श्री ||` असं लांबुडकं दिसतं ना, तोच प्रकार. खात्री करायची तर वर्डमध्ये त्या रेघेच्या लगेच पुढे कर्सर ठेवून Alt+X दाबा. 007C आलं तर इंग्रजी रेघ, 0964 आलं तर दंड. दुहेरी दंडाचा आकडा 0965. पुन्हा Alt+X दाबलं की आकड्याचं चिन्ह परत होतं.

आता ओळ का तुटते ते. तुम्ही दंडाच्या आधी जागा सोडलीत, आणि ते बरोबरच केलंत. दंड शब्दाला चिकटवला तर ‘पारी।’ मध्ये तो काना वाटायला लागतो, शिरोरेषा नाही एवढाच फरक. म्हणून ओवी-अभंगांत दंडाच्या आधी जागा सोडायची रीत आहे, आणि हिंदीच्या जुन्या छपाईतही ती दिसते. पण संगणकाच्या लेखी साधी जागा म्हणजे ओळ तोडायला मोकळीक. ओळ भरली की तो शेवटच्या जागेपाशी तोडतो आणि पुढचं जे असेल ते खाली ढकलतो. पुढे दंड असेल तर दंड.

तुम्ही म्हणाल, वेबपानावर प्रश्नचिन्हाच्या आधी जागा सोडली तरी ते असं खाली जात नाही. युनिकोडने ओळ कुठे तोडावी याचा तक्ता केलाय. त्यात प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, मिटता कंस यांना खास सवलत आहे, आधी जागा असली तरी ओळीच्या तोंडाशी यायचं नाही. दंड त्या यादीत नाही. तो ‘याच्यानंतर तोडलं तरी चालेल’ एवढ्याच गटात आहे. इंग्रजी उभी रेघही त्याच गटात आहे. म्हणून नुसता दंड बदलून भागणार नाही, जागाही बदलावी लागेल.

---

निळी_शाई
007C! तीसच्या तीस ओव्यांत. आता तीस ओव्या परत टाइप करू?

---

जुना_जुळारी
मुळीच नको. वर्डचं शोधा-बदला उघडा (Ctrl+H), आधी फक्त ओव्यांचा भाग निवडा आणि या क्रमाने जा.

पहिल्यांदा `||` च्या जागी `॥`. मग `|` च्या जागी `।`. क्रम उलटा करू नका.

मग न तुटणारी जागा. वर्डमध्ये ती `^s` अशी लिहितात. शोधायच्या चौकटीत एक स्पेस देऊन पुढे `।`, आणि बदलायच्या चौकटीत `^s।`. तसंच `॥` साठी. एवढ्याने दंड आधीच्या शब्दाला बांधला जातो. ओळ तुटलीच तर शब्द आणि दंड जोडीने खाली जातील.

राहिला तुमचा चार. `॥ ४ ॥` मध्ये चारच्या पुढची जागा आत्ताच्या बदलात बांधली गेली, पण पहिल्या दुहेरी दंडानंतरची मोकळीच आहे. तिच्यासाठी Use wildcards ला खूण करून

```
शोधा:  ॥ ([०-९])
बदला:  ॥^s\1
```

हे झालं की ‘सुखदुःख ॥ ४ ॥’ हा एकच गठ्ठा होतो, एकत्र राहतो नाहीतर एकत्र खाली जातो. एखाददुसरा दंड हाताने टाकायचा असेल तर त्याच्या आधी Ctrl+Shift+Space दाबलं की तीच जागा मिळते.

आणि ओव्यांना दोन्हीकडून समास जुळवून घेऊ नका, डावीकडून लावा. नाहीतर त्या जागा ताणल्या जाऊन दंड शब्दापासून हातभर लांब उभा राहतो.

---

निळी_शाई
काका, तुमचा निरोप वाचायच्या आधीच मी उत्साहात `|` बदलून मोकळी झाले. आता सगळीकडे `।।` असे दोन सुटे दंड आहेत. दिसायला तर सारखंच दिसतंय. चालेल का?

---

जुना_जुळारी
कागदावर चालून जाईल, फार तर दोन रेघांमधलं अंतर थोडं वेगळं दिसेल. पण उद्या कुणी फाइलमध्ये `॥` शोधलं तर एकही ओवी सापडणार नाही. `।।` शोधून `॥` करा, अर्ध्या मिनिटाचं काम. मग पुढचं.

---

वऱ्हाडी_मिरची
मला तर हेच समजून राह्यलं नाही का लोकायले एवढा त्रास कायले होते. आमच्या अमरावतीकडे आम्ही कृतिदेव फॉन्टमध्ये काम करतो, दंड `A` वर बसला आहे, कळ दाबली का दंड. स्पेस-बिस काही भानगड नाही.

पण अवतरणचिन्हाचं विचाराल तर रडू येते. कृतिदेवमध्ये `'` म्हणजे श् आणि `"` म्हणजे ष्. वर्ड स्वतःच्या शहाणपणानं सरळ चिन्हाचं वाकडं करते, अन् ‘शेत’ लिहाले गेलं का श गायब होऊन भलतंच काही येते. एका शाळेचा अहवाल असा छापून गेला माझ्या हातून. मुख्याध्यापकांनी मलेच झापलं.

---

जुना_जुळारी
वऱ्हाडी_मिरची, तुमचं प्रकरण निराळं आहे. कृतिदेवमध्ये फाइलीत दंड नसतोच, इंग्रजी A असतो आणि फॉन्ट त्याला दंडाचं सोंग देतो. फॉन्ट बदलला की सोंग उतरलं. टिंबाची कळ दाबली की तुमच्याकडे ण् येतो ना? तसंच ते.

तुमच्या श चं औषध: वर्डच्या AutoCorrect Options मध्ये AutoFormat As You Type या पानावर “Straight quotes” with “smart quotes” अशी खूण असते, ती काढा. युनिकोडमध्ये लिहिणाऱ्यांनी मात्र ती राहू द्यावी.

---

वऱ्हाडी_मिरची
काढली खूण. वीस वर्षं हे कोणी सांगितलं नाही.

---

सातासमुद्री
मी जर्सीत असते, इथे मराठी शाळेत मुलांना शिकवते. युनिकोड फोनवर लिहिते. माझा अनुभव: हिंदी कळफलक लावलेला असला की टिंबाच्या जागी दंड येतो, आणि मुलांचे गृहपाठ दंडांनी भरून येतात. मुलांना वाटतं की हीच मराठीची रीत, कारण ‘देवनागरीत दंड असतो’ असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं. त्यांना काय सांगायचं?

---

मोडीवाचक
लिपी एक असली म्हणून विरामचिन्हांची रीत एक असते असं नाही, हेच सांगा. हिंदी आणि नेपाळी गद्यात दंड, मराठी गद्यात टिंब. बंगाली लिपी वेगळी, तरी तिथे वाक्याला दंड. गंमत म्हणजे बंगालीतला दंडही हाच 0964, देवनागरीच्या रकान्यातला. युनिकोडने बऱ्याच भारतीय लिप्यांना मिळून एकच दंड दिलाय. मोडीला मात्र २०१४ साली युनिकोडमध्ये आली तेव्हा स्वतःचा दंड आणि दुहेरी दंड मिळाला. वर मी म्हटलं मोडीत दंड सर्रास नसे, आणि मिळाला तर स्वतंत्र मिळाला, असो.

निळी_शाई, त्या काकांचा लेख गद्य असेल तर मी टिंब देईन. बाकी लेखांत टिंब आणि एकात दंड असलं तर वाचणारा दर ओळीला अडखळेल.

---

इंदूरी_पोहे
आणि त्या काकांना विचारायचं नाही का? इंदूर-ग्वाल्हेरकडचे असतील तर त्यांची ती सवय आहे, चूक नाही. त्यांच्या सहीच्या लेखात त्यांचा दंड राहिला तर कुणाचं काय बिघडतं? पत्रात माझा दंड कुणाला खुपला नाही अजून।

---

निळी_शाई
काका देवासचे आहेत! त्यांना विचारते.

दंड आता सगळे जागेवर बसले. पण दुसरं दिसलं. आजींच्या वहीत ‘सुखदुःख’ आहे, माझ्या फाइलीत ‘सुखदु:ख’. दोन्ही सारखंच दिसतंय मला. प्रूफ वाचणाऱ्या मावशींनी गोल केलाय.

---

जुना_जुळारी
मावशींची नजर शाबूत आहे. तुम्ही विसर्गाच्या जागी अपूर्णविराम दिलाय, इंग्रजीचा कोलन. नीट बघा, विसर्गाची दोन टिंबं अक्षराच्या उंचीत बसतात, कोलनची खालच्या बाजूला झुकतात आणि फॉन्टप्रमाणे बारीक किंवा ठसठशीत दिसतात. शोधायला गेलात तर ‘दुःख’ लिहून ‘दु:ख’ सापडत नाही.

ही चूक उलट्या बाजूनेही होते आणि ती जास्त मजेशीर. ‘नाव:’ असं चिकटवून लिहिलं की तो ‘नावः’ असा संस्कृत शब्द वाटतो. म्हणून जुन्या छपाईत कोलनच्या आधी जागा सोडायचे, ‘नाव :’, आणि सरकारी अर्जात अजूनही ‘दिनांक :-’ दिसतं. इंग्रजीत कोलन शब्दाला चिकटूनच असतो, कारण तिथे गोंधळ व्हायला विसर्ग नाही. आपल्याकडे ती जागा कामाची आहे.

---

कोडगा
धाग्यात उशिरा आलो. विसर्गासाठी हाताने शोधत बसू नका, लिबरऑफिसमध्ये Regular expressions ला खूण करून हे चालवा:

```
शोधा:  ([\u0900-\u097F]):(?=[\u0900-\u097F])
बदला:  $1ः
```

दोन्ही बाजूंना देवनागरी असलेला प्रत्येक कोलन विसर्ग होतो.

---

निळी_शाई
चालवलं. ‘दुःख’, ‘अंतःकरण’, ‘निःशब्द’ सगळे सुधारले. पण कार्यक्रमपत्रिकेत ‘सकाळी १०ः३०’ झालंय. 😐

---

कोडगा
अरे हो, देवनागरी आकडेही त्याच पट्ट्यात येतात. चूक माझी. Undo करा आणि हे घ्या. यात फक्त अक्षरं, मात्रा आणि हलन्त आहेत, आकडे नाहीत:

```
शोधा:  ([\u0904-\u094D]):(?=[\u0904-\u0939])
बदला:  $1ः
```

---

जुना_जुळारी
हे ठीक आहे, पण शब्दाच्या मधल्या विसर्गापुरतंच. ‘स्वत:’, ‘विशेषत:’, ‘क्रमश:’, ‘नम:’ यांत विसर्ग शेवटी आहे. त्याच्या पुढे जागा असते आणि ‘नाव:’ च्याही पुढे जागा असते. यंत्राने फरक कशावरून ओळखायचा? ‘त:’ ने संपणारे सगळे विसर्गाचे धरले तर ‘माझे मत:’ चंही ‘माझे मतः’ होईल. ते डोळ्यांनीच बघावं लागेल. आणि कुणी ‘नाव:रमा’ असं दोन्हीकडून चिकटवून लिहिलं असेल तर कोडगा यांचं जाळं त्यालाही पकडेल, तेवढं तपासा.

पहिल्यापासून खऱ्या कोलनच्या आधी जागा सोडलेली असती तर चिकटलेला तो विसर्ग आणि सुटा तो कोलन, असा निवाडा यंत्रानेच केला असता. यापुढच्या अंकात लेखकांना सांगून ठेवा.

---

शंकेखोर
मग प्रश्नचिन्हाच्या आधीही जागा सोडायची का ? आमचे गुरुजी सोडायचे ! मी अजून सोडतो.

---

जुना_जुळारी
खिळ्यांच्या काळात आम्ही ‘?’ आणि ‘!’ च्या आधी बारीक स्पेस घालायचो, दिसायला मोकळं दिसायचं. पण ती केसभर असायची. तुम्ही कळफलकावरून देता ती अख्खी शब्दामधली जागा, त्यामुळे चिन्ह पोरकं वाटतं. प्रश्नचिन्हाचा कशाशी गोंधळ होत नाही, तेव्हा मी आता चिकटवतो. तुम्ही सोडलीत तर मी भांडणार नाही.

---

सातासमुद्री
मी मुलांना चिकटवायलाच शिकवते, निदान एक नियम दोन्ही भाषांना सारखा राहतो. त्यांना आधीच खूप लक्षात ठेवायचंय.

---

निळी_शाई
आता माझा तिसरा प्रश्न हातात घ्या हो कुणीतरी. संपादकीयात पहिलंच वाक्य आहे: “यंदाच्या ‘अंगण’…” आणि इथेच अडलोय.

---

मोडीवाचक
हे दुखणं इंग्रजीत नाहीच. तिथे नावाच्या आधी सुटा शब्द येतो, नाव अवतरणात शहाण्यासारखं बसून राहतं. आपला प्रत्यय नावाला चिकटतो, आणि चिकटताना नावाचं रूपही बदलतो. अंगण, अंगणात. हा मधला ‘णा’ अवतरणाच्या आत ठेवायचा की बाहेर?

वर्तमानपत्रांच्या नावांकडे बघा. ‘केसरी’त, ‘केसरी’चा, ‘केसरी’ने. अवतरण मिटलं की जागा न सोडता प्रत्यय. इथे अडचण येत नाही कारण केसरीचं रूप बदललं नाही तरी कानाला खटकत नाही. ‘पुढारी’ घ्या. पुढारी माणसाबद्दल आपण ‘पुढाऱ्याने’ म्हणतो, पण वर्तमानपत्राबद्दल ‘पुढारी’ने. विशेषनाम म्हणून त्याला सामान्यरूप करायचं टाळतो. या न्यायाने तुमचं ‘अंगण’त होईल.

---

निळी_शाई
‘अंगण’त! वाचून बघा मोठ्याने. अंगणत. असं कोण बोलतं?

---

इंदूरी_पोहे
‘अंगणा’त करा. बोलतो तसं लिहायचं.

---

मोडीवाचक
मग नावच बदललं ना? स्मरणिकेचं नाव ‘अंगणा’ आहे असं वाचणाऱ्याला वाटेल. नावाला बोट लावायचं नाही आणि कानालाही खटकवायचं नाही, तर शब्दयोगी अव्यय घ्या: ‘अंगण’मध्ये, ‘अंगण’साठी, ‘अंगण’तर्फे. रूप न बदलता हे कानाला चालून जातं. ‘चा-ची-चे’ही चालतं, ‘अंगण’चा अंक. फक्त ‘त’, ‘ला’, ‘ने’ टाळा.

---

शंकेखोर
पण ‘अंगण’ मध्ये असं जागा सोडून का नाही? शब्द वेगळा दिसतो, वाचायला सोपं.

---

जुना_जुळारी
कारण ‘मध्ये’ सुटा लिहिला की वाचणारा ‘मधे मधे’ वाला मध्ये समजून थबकतो. आपण ‘घरामध्ये’ जोडून लिहितो, मग अवतरण आलं म्हणून तोडायचं कशाला? शिवाय पुन्हा तेच दुखणं, जागा सोडली की ओळ तिथे तुटू शकते. वरच्या ओळीत ‘अंगण’ आणि खालच्या ओळीत एकटा ‘चा’.

अवतरणावरून आठवलं ताई, ‘स्थापना ’९८ साली’ असलं काही असेल तर तपासा. वर्ड मागचं अक्षर बघून चिन्ह वळवतो. मागे जागा असली की उघडतं चिन्ह देतो, त्यामुळे ‘९८ असं उलटं पडतं. तिथे मिटतं हवं, कारण ते गळालेल्या आकड्यांची खूण आहे. उपाय साधा, अवतरणाची कळ दोनदा दाबा आणि पहिलं खोडा.

---

निळी_शाई
सापडलं, तीन ठिकाणी. सरळ १९९८ केलं.

आणि अवतरणात वाक्य संपलं तर टिंब आत की बाहेर? अमेरिकेहून आलेल्या एका लेखात सगळीकडे आत आहे, अगदी एका शब्दाच्या अवतरणातही.

---

सातासमुद्री
ती अमेरिकन छपाईची रीत आहे, शब्द एक असला तरी टिंब आणि स्वल्पविराम अवतरणाच्या आत. मलाही सवय लागलीय. मराठीत मी कुणाचं अख्खं बोलणं असेल तर आत देते: आजी म्हणाल्या, “दळण संपलं.” आणि नुसता शब्द असेल तर बाहेर: त्या याला म्हणतात ‘पहाटपारी’.

---

जुना_जुळारी
बरोबर. आम्हीही असंच लावायचो. बोलण्याला दुहेरी, शब्दाला किंवा नावाला एकेरी.

---

निळी_शाई
नवं प्रूफ आलं. चौथी ओवी:

पहाटेच्या पारी । दळण मांडिते ।
जात्याला सांगते । सुखदुःख ॥ ४ ॥

आजींना दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, “मी ह्या उभ्या रेघा-बिघा गाताना कुठे म्हणते?” मग गाऊन दाखवली. जिथे दंड आहे तिथे त्या थांबतच नाहीत, जात्याच्या फेऱ्याबरोबर ‘मांडिते’ वरून थेट ‘जात्याला’ वर जातात.

देवासच्या काकांचा फोन झाला. म्हणाले, “टिंब करा, पण शेवटचा दंड राहू द्या.” म्हणजे लेखाच्या अगदी शेवटी एकच दंड. मावशी तयार नाहीत.

---

इंदूरी_पोहे
राहू द्या हो ताई। मावशींशी मी बोलतो।

---

शंकेखोर
‘अंगण’चं काय ठरलं शेवटी ?

---

निळी_शाई
संपादकीयात “यंदाच्या ‘अंगण’मध्ये”. मुखपृष्ठावर अध्यक्षांनी परस्पर “आपल्या ‘अंगणा’त स्वागत” छापायला दिलंय. मुखपृष्ठ काल छापूनही आलं.